‘शंभर पानांची स्मरणिका’ म्हणजे नेमके किती पाने?

गोव्यात जत्रा, वर्धापनदिन किंवा नाट्यमंडळाचा सुवर्णमहोत्सव आला की स्मरणिका आलीच. आणि मराठीत चार ओळी नीट लिहिणाऱ्या माणसाकडे ते काम येणेही ओघाने आलेच. दोन वर्षांपूर्वी एका देवस्थान समितीचे सचिव माझ्याकडे आले. ‘‘शंभरेक पानांची चांगली स्मरणिका काढायची आहे. लेख आलेले आहेत, तेवढे तपासून, लावून द्या. जत्रेपूर्वी मिळाली म्हणजे झाले. तुम्ही वृत्तपत्रातली माणसे, तुम्हाला आम्ही काय सांगायचे!’’

या चार वाक्यांत एकही गोष्ट ठरलेली नव्हती. ‘पान’ या शब्दापासूनच घोटाळा होता. मराठीत पान म्हणजे कागदाचे एक पत्र, आणि पान म्हणजे त्याची एक बाजूही. शंभर पत्रे धरली तर दोनशे पृष्ठे होतात. पुढे कळले ते असे की, खजिनदारांनी छापखान्याकडून शंभर पृष्ठांचे दरपत्रक आणले होते आणि सचिवांच्या डोळ्यांसमोर मागच्या स्मरणिकेची जाडी होती, जी शंभर पत्रांची होती. दोघेही ‘शंभर पाने’च म्हणत होते.

यापूर्वी अशाच एका कामात मी तोंडी होकार देऊन बसलो होतो आणि मांडणी तीनदा मोडावी लागली होती. म्हणून या वेळी कामाला हात लावण्यापूर्वी सचिवांना लेखी प्रश्न पाठवले. ते असे :

१. अंक ए-फोर आकाराचा हवा की डेमी अष्टमांश? एकूण पृष्ठे (कागदाच्या दोन्ही बाजू मोजून, मुखपृष्ठाची चार धरून) किती?
२. त्यांपैकी जाहिरातींची पृष्ठे किती आणि रंगीत छायाचित्रांची किती?
३. लेख किती आले आहेत? ते हस्तलिखित आहेत, युनिकोडमध्ये टंकलेले आहेत की जुन्या फॉन्टमध्ये? कोकणी किंवा इंग्रजी लेख आहेत का?
४. ‘तपासणे’ म्हणजे केवळ शुद्धलेखन, की लांबलेला लेख कापण्याची मुभाही?
५. प्रकाशन कोणत्या तारखेला, आणि प्रती त्याच्या किती दिवस आधी हातात हव्यात?
६. मुद्रिते कोण वाचणार आणि ‘छापा’ असे अखेरचे कोण सांगणार? कृपया एकच नाव द्यावे.

प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आकडा, तारीख, नाव किंवा दोहोंपैकी एक पर्याय असेल, अशी रचना मुद्दाम केली होती. ‘अंक कसा हवा?’ असे विचारले तर ‘चांगला’ हेच उत्तर येते. प्रश्नांना क्रमांक असण्याचा उपयोगही अगदी व्यावहारिक आहे. समितीतली माणसे फोनवर उत्तरे देतात, आणि ‘चौथ्याचे काय ठरले?’ असे विचारता आले तर सुटलेला प्रश्न लगेच सापडतो.

तरीही माझी एक चूक झालीच. तिसऱ्या प्रश्नात मी तीन प्रश्न कोंबले होते. उत्तर आले, ‘होय, बावीस.’ जुन्या फॉन्टचे काय, ते कळलेच नाही. पर्याय विचारला असता ‘होय’ असे उत्तर आले, तर दोष बहुधा प्रश्नाचा असतो. तो मी तोडून पुन्हा पाठवला, तेव्हा कळले की नऊ लेख जुन्या फॉन्टमध्ये आहेत. असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करता येतो, पण रफार, ऱ्हस्व इकार आणि जोडाक्षरे जागोजागी बिघडतात. म्हणजे ते नऊ लेख मूळ प्रतीशी ओळीओळीने ताडून पाहावे लागणार होते. हे काम वेगळे, आणि त्याचा मोबदलाही वेगळा. लेख हाती आल्यावर हे सांगितले असते तर ती तक्रार वाटली असती. आधी कळल्यामुळे तो साधा हिशेब राहिला.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आले : जाहिराती ३६ पृष्ठे, रंगीत छायाचित्रे १२. मग मी आकडे मांडले. छापखाना सोळा पृष्ठांच्या फॉर्मने छापतो. शंभरातली चार मुखपृष्ठाची गेली की आत उरतात ९६, म्हणजे बरोबर सहा फॉर्म. त्यांतून जाहिराती, छायाचित्रे आणि शीर्षकपृष्ठ, अनुक्रमणिका, संदेश यांची सहा पृष्ठे वजा केली की लेखांना ४२ राहतात. ठरलेल्या मांडणीत ए-फोरच्या एका पृष्ठावर मथळा धरून सरासरी साडेचारशे शब्द बसतात. म्हणजे जागा साधारण १९ हजार शब्दांची, आणि बावीस लेखांचा मजकूर ३३ हजारांच्या घरात! त्याला ७४ पृष्ठे लागणार.

हा हिशेब सचिवांना कळवताना मी दोनच वाटा ठेवल्या. एक तर लेख सुमारे चाळीस टक्के कापायचे, किंवा आतली पृष्ठे १२८ करायची, म्हणजे आठ फॉर्म, ज्यांत सारे जेमतेम मावते. ‘तुम्हीच ठरवा’ हे उत्तर येऊ नये म्हणून दुसऱ्या वाटेपुढे खजिनदारांनी दोन फॉर्मांचा वाढीव दर विचारून घ्यावा, असे लिहिले. खर्चाचा निर्णय करणाऱ्याने घ्यायचा नसतो, तो करवून घेणाऱ्याचाच.

पाचव्या प्रश्नाने ‘जत्रेपूर्वी’ या शब्दाचा उलगडा झाला. प्रकाशन २४ तारखेला, प्रती २२ला हव्यात. छपाई व बांधणीला दहा दिवस, म्हणजे अंतिम पीडीएफ १२ला जायला हवी. दोन मुद्रिते, प्रत्येकी तीन दिवस समितीच्या वाचनाला आणि दोन दिवस दुरुस्तीला. म्हणून पहिले मुद्रित २ तारखेला. त्याआधी मांडणीला बारा दिवस. तेव्हा सारा मजकूर आदल्या महिन्याच्या २० तारखेला माझ्या हाती पडायला हवा. सचिव मंत्र्यांच्या संदेशाची वाट पाहत होते आणि तो तर मुद्रणाला जाईपर्यंत येत नाही, हे कोणीही सांगेल. त्यासाठी एक पृष्ठ राखून ठेवले आणि १० तारखेपर्यंत संदेश न आल्यास तिथे देवळाचे छायाचित्र जाईल, असे लिहून घेतले.

छायाचित्रांविषयी मी विचारायला विसरलो, ते नंतर भोवले. व्हॉट्सॲपवरून आलेले चित्र आकुंचित होऊन बहुधा १६०० पिक्सेलांच्या आसपास लांबीचे उरते. छपाईला इंचामागे ३०० पिक्सेल धरले तर ते जेमतेम सव्वापाच इंच होते, आणि ए-फोरचे पृष्ठ पावणेबारा इंच उंच असते. मोबाइलच्या पडद्यावर ते सुरेखच दिसते, त्यामुळे कोणाला शंकाही येत नाही. पालखीचे पूर्णपृष्ठ चित्र शेवटी छायाचित्रकाराकडून मूळ फाइल मागवून लावले. आता माझ्या यादीत सातवा प्रश्न आहे : ‘छायाचित्रांच्या मूळ फाइली कोणाकडे आहेत?’

सहाव्याचे उत्तर सगळ्यांत उशिरा आले. समितीत नऊ जण, आणि प्रत्येकाला मुद्रित पाहायचे होते. ते सर्वांनी पाहावे, पण दुरुस्त्या एकाच प्रतीवर उतरून सचिवांकडूनच याव्यात, असे ठरले. उत्तरे फोनवर मिळाली तशी मी क्रमांकानुसार लिहून ‘असे ठरले आहे, चूक असल्यास दोन दिवसांत कळवावे’ म्हणून परत पाठवली. खजिनदारांचा फोन दुसऱ्याच दिवशी आला. पहिल्या क्रमांकापुढे १३२ पृष्ठे पाहून ते म्हणाले, ‘‘म्हणजे सहासष्ट पाने ना? मग मागच्यापेक्षा बारीकच होणार की!’’