वहीतला आकडा जसाच्या तसा

साध्या लंबकाचा प्रयोग. दोरी 1 मीटर, 20 आंदोलनांना लागलेला वेळ पाच वेळा मोजलेला. वहीच्या पानाच्या फोटोत आकडे दिसतात: 40.1, 40.3, 40.2, 42.2, 40.2 सेकंद. चौथ्यावर एक आडवी रेघ आहे, पण आकडा वाचता येतो.

तक्ता करताना हे पाचही आकडे एका स्तंभात उतरवावेत, खोडलेला धरून. ‘सेकंद’ फक्त शीर्षकात लिहावे. चौकटीत ‘40.1 से.’ टाकले की स्प्रेडशीट त्याला मजकूर समजते आणि `AVERAGE` तो आकडा गुपचूप गाळते. सरासरी तरीही येते, म्हणून चूक लक्षात येत नाही. यासाठी शेजारी `COUNT` लावावा. पाच यायलाच हवेत.

पाचांची सरासरी 40.6 आणि `STDEV.S` ने प्रमाण विचलन 0.9 सेकंद येते. बाकीचे आकडे इतके जवळजवळ असताना एवढे विचलन खटकते. चौथा आकडा इतरांपेक्षा 2 सेकंदांनी जास्त, म्हणजे बरोबर एका आंदोलनाइतका. मोजताना 21 आंदोलने झाली असावीत. तो वगळला तर सरासरी 40.2, विचलन 0.08 आणि आवर्तनकाल 2.01 सेकंद.

तरी 42.2 ला 40.2 करायचे नाही आणि ती ओळ पुसायचीही नाही, कारण 21 हा आपला तर्क आहे, नोंद नव्हे. शेजारच्या स्तंभात ‘वगळला, बहुधा एक आंदोलन जास्त’ असा शेरा द्यावा, आणि दोन्ही सरासऱ्या दाखवाव्यात.