पट्ट्याने बाळ दाबले जात नाही : गरोदरपणातील वाहनप्रवासाविषयीचे गैरसमज

गरोदर बाईने गाडीत सीट बेल्ट लावला की पोटातले बाळ दाबले जाते, हा समज जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर ऐकू येतो आणि नाशिक-ठाण्याच्या सोसायट्यांतही. मोखाड्याहून तोरंगण घाट चढून त्र्यंबकेश्वरमार्गे नाशिकला निघालेली गाडी डोळ्यांसमोर आणावी. सातव्या-आठव्या महिन्यातल्या बाईला सोनोग्राफीसाठी न्यायचे आहे. चालकाने पट्टा लावलेला असतो, शेजारी बसलेल्या नवऱ्यानेही लावलेला असतो. जिच्यासाठी गाडी काढली ती मात्र मागे मोकळीच बसते, कारण सासूने किंवा जावेने निघतानाच बजावलेले असते, ‘पोटावर काही आवळू नको.’ सांगणारीच्या मनात काळजीच असते, पण सल्ला पूर्ण चुकीचा असतो आणि अपघात झालाच तर त्याची किंमत आई आणि बाळ दोघांनाही मोजावी लागते.

समज कुठे चुकतो ते पाहण्यासाठी अपघाताच्या क्षणी पोटात काय होते हे समजून घ्यावे लागते. गाडी एकाएकी थांबली तरी आत बसलेले शरीर आधीच्याच वेगाने पुढे जात राहते. पट्टा नसेल तर ते समोरच्या सीटवर, डॅशबोर्डवर किंवा काचेवर आदळून थांबते, आणि सर्वांत पुढे असते ते पोट. गर्भपिशवी स्नायूंची असल्यामुळे ताणली जाते, दबते, पुन्हा मूळ आकारात येते. वार तशी लवचिक नसते. फुग्यावर चिकटवलेला कागद फुगा दाबताच कडेने सुटू लागतो, तशीच वार धक्क्याने पिशवीच्या भिंतीपासून सुटू शकते. बाळाला रक्त आणि प्राणवायू वारेतूनच मिळतो, म्हणून बाळाच्या अंगावर ओरखडाही न उठता त्याचा जीव जाऊ शकतो. गर्भजलाने बाळाला थोडे संरक्षण मिळते, पण वार सुटणे ते थांबवू शकत नाही. आईच दगावली किंवा तिच्या अंगातून खूप रक्त गेले तर बाळ वाचणे अवघड होते, ही गोष्ट वेगळी सांगायला नको.

पट्टा शरीराला आदळू देत नाही. धक्क्याचे बळ तो शरीरातल्या मजबूत हाडांवर, म्हणजे खुब्यांवर, छातीच्या पिंजऱ्यावर आणि खांद्यावर वाटून देतो. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी गरोदर स्त्रिया असलेल्या ५७ अपघातांचा बारकाईने अभ्यास करून २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. नीट पट्टा लावलेल्या स्त्रियांच्या बाळांची स्थिती पट्टा न लावलेल्यांपेक्षा स्पष्टपणे चांगली होती. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना आणि ब्रिटनची सार्वजनिक आरोग्यसेवा दोघीही पहिल्या महिन्यापासून शेवटच्या दिवसापर्यंत पट्टा लावा असेच सांगतात. आपल्याकडचा मोटार वाहन नियमही गरोदर म्हणून कोणाला सूट देत नाही.

या समजाला बळ मिळते ते एका खऱ्या गोष्टीतून : चुकीच्या जागी बसलेला पट्टा पोटाला खरोखर घातक ठरतो. आडवा पट्टा फुगलेल्या पोटाच्या मधोमध असेल तर धक्का थेट गर्भपिशवीवर येतो. गरोदर स्त्रीच्या आकाराचा चाचणी-पुतळा वापरून १९९० च्या दशकात झालेल्या प्रयोगांत पट्टा पोटावर असताना गर्भपिशवीपर्यंत पोचणारे बळ कित्येक पटींनी वाढलेले दिसले. तेव्हा पट्टा काढून टाकण्यात काही अर्थ नाही, तो खाली सरकवायला हवा.

मोखाड्याच्या त्या गाडीत हे असे करता येते. बाईने आधी पाठ सीटला पूर्ण टेकवून ताठ बसावे. कंबर पुढे सरकलेली असेल तर पट्टा आपोआप पोटावर चढतो. जाड शाल किंवा स्वेटर असेल तर पोटासमोरून बाजूला घ्यावा. मग पोट हाताने किंचित उचलून आडवा पट्टा पोटाच्या खाली, मांडी जिथे सुरू होते तिथे, दोन्ही खुब्यांच्या हाडांवर आणावा. तिरका पट्टा खांद्याच्या मधून, दोन्ही स्तनांच्या मधून उतरून पोटाच्या बाजूने जावा. तो काखेखालून किंवा पाठीमागून घेऊ नये, कारण तसे केले तर वरचे शरीर मोकळे राहते आणि सगळा भार पोटावर येतो. शेवटी तिरका पट्टा वर ओढून ढील काढून टाकावी. पट्ट्याखाली उशी किंवा घडी घातलेली चादर ठेवू नये, तिच्यामुळे पट्टा सैल राहतो. घाटाच्या वळणांवर पट्टा वर सरकतो, म्हणून मधूनमधून हात लावून पाहावे. खाली खेचला की तो पुन्हा जागेवर येतो.

बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटचे बकल सीट-कव्हरखाली दडलेले असते. ते निघण्याआधी बाहेर काढून ठेवणे हे गाडीमालकाचे काम आहे. काळ्या-पिवळ्या जीपमध्ये मागे समोरासमोर आडव्या बाकड्यांवर बसवतात. तिथे बहुधा पट्टा नसतो आणि असला तरी तसे आडवे बसलेल्या शरीराला तो नीट धरत नाही. गरोदर बाईला मधल्या रांगेत, पुढे तोंड करून, पट्टा असलेली जागा मिळायला हवी. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या टेम्पोच्या मागच्या हौद्यात ती बसली असेल तर पट्ट्याचा प्रश्नच उरत नाही, आणि तो सर्वांत धोक्याचा प्रवास आहे. किमान चालकाच्या केबिनमधली जागा तिची असावी.

मागे बसणाऱ्याला पट्टा लागत नाही, हा समज याच पालघर जिल्ह्यात सर्वांसमोर खोटा ठरला. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्या शेजारी बसलेले जहांगीर पंडोल यांचा मृत्यू झाला. दोघेही मागच्या सीटवर होते आणि दोघांनीही पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले.

दुसरा मोठा समज हादऱ्यांचा आहे. खड्ड्यांच्या रस्त्याने दुचाकीवर नेले की पोट पडते, असे म्हणतात. पहिल्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी जवळजवळ निम्म्यांमागे गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष असतो, आणि तो गर्भधारणेच्या वेळीच ठरलेला असतो. तपासणीला जाऊन आल्यावर दोन दिवसांनी रक्त गेले तर दोष रस्त्याच्या माथी मारला जातो, आणि पुढच्या खेपेला बाई तपासणीलाच जात नाही. नेहमीच्या प्रवासातल्या हादऱ्यांनी गर्भपात होतो याला पुरावा नाही. रोज तासन्‌तास थरथरणाऱ्या यंत्रावर काम करणाऱ्या स्त्रियांत वेळेआधी प्रसूतीचा धोका थोडा वाढलेला काही अभ्यासांत दिसतो, पण तो दवाखान्याच्या एका फेरीला लावता येत नाही. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल, अंगावरून रक्त जात असेल किंवा वार खाली असल्याचे सोनोग्राफीत दिसले असेल, तर गोष्ट वेगळी.

दुचाकीवरचा खरा धोका पडण्याचा आहे, आणि त्याकडे मात्र कोणी फारसे लक्ष देत नाही. एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बाईचे दोन्ही पाय एकाच बाजूला असतात. खड्डा चुकवताना गाडी दुसरीकडे कलली की धरायला तिच्याजवळ काही नसते. तिने दोन्हीकडे पाय टाकून, दोन्ही फुटरेस्टवर पाय रोवून बसावे. सलवार असेल तर हे सोपे जाते. गुडघ्यापर्यंत नेसलेल्या लुगड्यातही जमते. पाचवारी साडीचा पदर आणि निऱ्या खोचून घ्याव्या लागतात. दुचाकीला मागच्यासाठी धरायची कडी, फुटरेस्ट आणि चाकात कपडा जाऊ नये म्हणून जाळी असावी, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांतच लिहिले आहे. शोभेसाठी जाळी काढून टाकणाऱ्याने ती पुन्हा लावून घ्यावी. मागे बसणारीलाही हेल्मेट कायद्याने लागते. नवरा, बायको आणि सोबत आणखी कोणी, असे तिघे बसणे बेकायदा आहे, आणि गरोदर बाई मधे चेंगरून किंवा टोकाला लटकून बसते तेव्हा पडण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

कळा सुरू झाल्यावर, पाणमोट फुटल्यावर किंवा रक्त जाऊ लागल्यावर दुचाकीवर बसवू नये. कळ आली की हात सुटतो. १०२ आणि १०८ या रुग्णवाहिका मोफत आहेत, आणि जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली घरून दवाखान्यात व तिथून मोठ्या रुग्णालयात नेण्याचा खर्च शासन करते. पण गाडी पोचायला रस्ता लागतो. मोखाडा तालुक्यातील मर्कटवाडीत ऑगस्ट २०२२ मध्ये एका मातेची घरीच वेळेआधी प्रसूती होऊन जुळी बाळे दगावली, आणि रक्तस्राव होत असलेल्या आईला डोलीतून न्यावे लागले. अशा पाड्यांसाठी उपाय म्हणजे तारखेच्या काही दिवस आधीच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या माहेरघरात येऊन राहणे. त्याची सोय आशाताईला विचारून आठव्या महिन्यातच पक्की करावी. रुग्णवाहिकेत झोपवताना डाव्या कुशीवर झोपवावे, म्हणजे पोटाच्या भाराखाली मोठी रक्तवाहिनी दबत नाही, आणि स्ट्रेचरचे पट्टे पोटाच्या वर व खाली बांधावेत.

स्वतः स्कूटर चालवणाऱ्या शिक्षिका, सिस्टर, आशाताई यांना कायदा कोणत्या महिन्यात थांबा असे सांगत नाही. हँडल पूर्ण वळवताना पोट आड येऊ लागले, किंवा गाडी थांबवल्यावर दोन्ही पाय भक्कम टेकेनासे झाले, की थांबावे. उलटीवरची डॉक्सिलामाइनची गोळी गुंगी आणते, ती घेतल्यावर चालवू नये. रक्त कमी असून चक्कर येत असेल तरीही नाही. कार चालवताना छातीचे हाड आणि स्टिअरिंग यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर राहील इतकी सीट मागे घ्यावी, आणि स्टिअरिंगचे तोंड पोटाकडे न ठेवता छातीकडे वळवावे. एअरबॅगने बाळ मरते म्हणून ती बंद करणे चूक आहे. पट्टा आणि हे अंतर असेल तर ती आईला वाचवते. अनुभवी चालकाला गरोदरपणात काही होत नाही, हेही खरे नाही : कॅनडातील ओंटारियो प्रांतातल्या पाच लाखांहून अधिक मातांच्या नोंदींवरून २०१४ मध्ये दिसले की स्वतः गाडी चालवताना होणारे गंभीर अपघात मधल्या तिमाहीत आधीच्या काळापेक्षा ४२ टक्के वाढले होते.

‘लागले नाही, मग दवाखाना कशाला’ हा अपघातानंतरचा समज आहे. वार सुटल्याचे रक्त आतच साठून राहू शकते आणि बाहेर थेंबही दिसत नाही. पोट दगडासारखे घट्ट होणे, सतत दुखणे, कळा येणे, पाणी किंवा रक्त जाणे, बाळाची हालचाल कमी होणे ही लक्षणे आहेत, पण त्यांची वाट पाहू नये. पाच महिन्यांनंतर दुचाकीवरून पडणे, गाडीची धडक बसणे किंवा पोटावर मार लागणे यांपैकी काहीही झाले तर मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय किंवा जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय गाठावे. तिथे किमान चार तास बाळाच्या ठोक्यांवर आणि कळांवर लक्ष ठेवावे लागते, आणि गरज पडली तर पुढे नाशिकला पाठवतात. सोबत तपासणीचे कार्ड न्यावे, कारण त्यावर रक्तगट असतो. आईचा गट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन अपघातापासून ७२ तासांच्या आत मिळाले पाहिजे.