पावणेदोन की पावणेतीन?

१९८७ सालची गोष्ट. मी तेव्हा रत्नागिरीत एका बँकेच्या शाखेत कर्जांचं काम पाहत होतो. मंजुरी आधी वरच्या कार्यालयातून फोनवर कळायची आणि पत्र मागाहून टपालाने यायचं. पावसाळ्याचे दिवस, महत्प्रयासाने लागलेला ट्रंककॉल आणि तारेत सारखी खरखर. पलीकडून साहेब म्हणाले, "पावणे... न लाख." मला 'दोन' ऐकू आलं. मी पॅडवर १.७५ लिहिलं, "ठीक आहे साहेब" म्हटलं आणि फोन ठेवला.

कर्ज मिरकरवाड्याच्या एका होडीमालकाचं होतं. नारळी पौर्णिमेच्या आत नवं इंजिन बसवायचं, म्हणून त्याने २,७५,००० रुपये मागितले होते. १,७५,००० मंजूर झाल्याचं मी सांगितलं, तेव्हा तो काहीच बोलला नाही. कमी पडलेला लाख त्याने बाहेरून शेकडा तीनने उचलला. आठव्या दिवशी पत्र आलं : रुपये २,७५,०००. त्याने सावकाराचे पैसे लगेच परत केले, पण सावकाराने अख्ख्या महिन्याचं व्याज धरलं. तीन हजार रुपये. माझा तेव्हाचा पगार जेमतेम तेवढाच होता.

चूक खरखरीची होती, असं मी बरेच दिवस स्वतःला समजावलं. पण खरखर माझ्या हातात नव्हती. लिहिणं आणि विचारणं हातात होतं. "म्हणजे एक लाख पंचाहत्तर हजार ना, साहेब?" एवढं विचारलं असतं तर पलीकडून तत्काळ "छे, दोन लाख पंचाहत्तर" असं आलं असतं. 'दोन' आणि 'तीन' तारेत एकसारखे वाजतील, पण पूर्ण उलगडून म्हटलेली रक्कम सहसा फसवत नाही.

आपल्या भाषेत रकमा बोलायची सोय फार सुरेख आहे, आणि घोटाळाही तिथेच दडलेला आहे. सव्वा म्हणजे पाव जास्त, साडे म्हणजे अर्धा जास्त, पावणे म्हणजे पाव कमी. दीड आणि अडीच यांना स्वतंत्र नावं, म्हणून 'साडे' तीनापासून सुरू होतं. हा पाव कशाचा, ते पुढचा शब्द ठरवतो. सव्वाशेतला पाव पंचवीसचा, सव्वा लाखातला पंचवीस हजारांचा. सव्वादोन लाखातही पाव एका लाखाचाच, दोन लाखांचा नव्हे. म्हणून ते २,२५,००० होतात. इंग्रजी शाळेत शिकलेली मुलं बहुधा 'पावणे'पाशी अडखळतात. 'पावणेतीन'मधला 'तीन' कानावर पडतो आणि कागदावर तीनच्या पुढचा आकडा उतरतो. बोलणं पुढच्या आकड्याचं नाव घेतं, रक्कम मात्र त्याच्या अलीकडे असते.

हे सगळं परवा पुन्हा आठवलं. माझी पुतणी ठाण्याला असते. तिची पावसकडे हापूसची बाग आहे. दरवर्षी ती बाग कराराने देते आणि सगळं बोलणं फोनवर होतं. यंदा करार घेणारा म्हणाला, "ताई, गेल्या वर्षी सव्वादोन दिले, यंदा मोहोर बरा आहे, अडीच देतो. पंधरा टक्के आत्ता, निम्मे मार्चअखेर, राहिलेले आंबा संपला की. वर घरच्यासाठी आठ-दहा पेट्या." फोन ठेवल्यावर तिने शहाणपणाने बोलण्याचा गोषवारा लिहिला आणि मला पाठवला : "सव्वादोनचे २.५ लाख. १५% आगाऊ, ५०% मार्च, बाकी नंतर. पेट्या १०. काका, बरोबर ना?"

टिपण नीटनेटकं होतं, तरी मी तिला परत फोन करायला लावला. पहिलं कारण लहान. एक रक्कम शब्दात, एक दशांशात, अशी सरमिसळ नको. '२.५'मधला ठिपका पुसला, की पंचवीस होतात. शिवाय '२.५ लाख' आणि '२,२५,०००' शेजारीशेजारी असले, की तुलना करताना डोळा चुकतो. सगळ्या रकमा पूर्ण आकड्यांत आणि आपल्या पद्धतीच्या स्वल्पविरामांनी लिहाव्यात : शेवटचे तीन अंक, मग दोन-दोन. म्हणजे २,५०,०००. कुणी २५०,००० लिहितं; तेही चूक नव्हे, पण एका कागदावर एकच पद्धत हवी.

दुसरं कारण मोठं. करार घेणारा 'निम्मे' म्हणाला होता, पुतणीने '५०%' लिहिलं. निम्मे कशाचे? पूर्ण अडीच लाखांचे, की आगाऊ दिल्यावर उरलेल्याचे? आगाऊ पंधरा टक्के म्हणजे ३७,५००. पूर्ण रकमेचे निम्मे धरले तर मार्चला १,२५,००० यायला हवेत. उरलेल्या २,१२,५०० चे निम्मे धरले तर १,०६,२५०. फरक १८,७५० रुपयांचा. मार्चअखेर दोघंही मनापासून आपलंच खरं मानून भांडली असती. टक्के, निम्मे, पाव हे शब्द एकटे लिहूच नयेत. शेजारी 'कशाचे' हे हवं. आणि व्याज असेल तर 'किती मुदतीचे' हेही. माझ्या होडीमालकाचं शेकडा तीन दरमहा होतं; 'तीन टक्के' एवढंच लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला ते वर्षाचं वाटलं असतं, प्रत्यक्षात वर्षाचे छत्तीस होतात.

तिसरं कारण पेट्यांचं. 'आठ-दहा'चे तिने दहा केले. बोलणाऱ्याने मुद्दाम सैल ठेवलेला आकडा लिहिणाऱ्याने आवळू नये. दोन-अडीच लाख, पाचेक हजार, पंधरा-वीस टक्के हे नक्की आकडे नव्हेत. ते '८ ते १०', 'सुमारे ५,०००' असेच उतरवावेत, किंवा विचारून नक्की करून घ्यावेत.

पुतणीने पुन्हा फोन केला, विचारलं आणि टिपण असं झालं :

गेल्या वर्षीचा करार : रु. २,२५,०००
यंदाचा करार : रु. २,५०,००० (बोलताना 'अडीच', अडीच लाख असं विचारून घेतलं)
आत्ता, कराराच्या १५ टक्के : रु. ३७,५००
मार्चअखेर, उरलेल्याच्या निम्मे : रु. १,०६,२५०
आंबा संपल्यावर : रु. १,०६,२५०
घरच्यासाठी पेट्या : ८ ते १०, नक्की नाही

तिन्ही हप्त्यांची बेरीज अडीच लाख येते, हा शेवटचा पडताळा. कंसात बोलीतला मूळ शब्द ठेवायलाही मीच सांगितलं. चेकवर आपण रक्कम अक्षरी आणि अंकी अशी दोन्ही लिहितो आणि दोन्हींत तफावत पडली तर १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम १८ प्रमाणे अक्षरी रक्कम धरली जाते. फोनच्या टिपणाला तो कायदा लागू नाही, पण त्यातलं शहाणपण लागू आहे. आकडा आपण केलेला असतो; शब्द समोरच्याचा असतो. उद्या शंका आलीच, तर परत जायला तो शब्द कागदावर असावा.

एक राहिलं. होडीमालकाला मी ते तीन हजार देऊ केले, त्याने घेतले नाहीत. दोन वर्षांनी जाळ्यांसाठी त्याचं दुसरं कर्ज आलं आणि मंजुरीच्या फोनच्या वेळी तो नेमका शाखेत होता. मी रिसीव्हर ठेवणार, इतक्यात तो टेबलापाशी आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, लिवलाव ता त्यांका वाचून दाखवा."