उत्तर लिहिलंत, पण तपासलंत का?

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञानाचा एक पेपर 250 गुणांचा आणि वेळ 3 तास. म्हणजे 10 गुणांच्या, 150 शब्दांच्या उत्तराला साधारण 7 मिनिटं येतात. सोमवारी अशी दोन उत्तरं घड्याळ लावून लिहा. 7 मिनिटं झाली की पेन खाली, वाक्य अर्धं राहिलं तरी.

तपासायचं मात्र मंगळवारी. लगेच तपासलं, की जे डोक्यात आहे तेच आपण कागदावर वाचतो.

समजा प्रश्न आहे: ‘देकार्तच्या संशयपद्धतीचे चिकित्सक परीक्षण करा.’ आता प्रत्येक वाक्यासमोर समासात ‘मांडणी’ किंवा ‘परीक्षण’ असं लिहा. बहुधा असं दिसेल की दहापैकी नऊ वाक्यं मांडणीची आहेत. संशयातून ‘विचार चालू आहे’ एवढंच सिद्ध होतं, ‘विचार करणारं द्रव्य आहे’ हे कसं, हा आक्षेप शेवटच्या ओळीत कसाबसा आलाय. माहिती बरोबर असली तरी विचारलेलं काम झालेलं नाही. मग गुण त्याच हिशेबाने द्या.

बुधवारी नवा प्रश्न नको. तेच उत्तर पुन्हा 7 मिनिटांत लिहा: मांडणी चार वाक्यांत, उरलेली जागा आक्षेपाला. समासातली खूण बदलली, तरच सराव झाला म्हणायचं.