गोळी सुटली, मग त्रास का राहिला?

दवाखान्यातून आणलेली झोपेची गोळी घरात बरेचदा वर्षानुवर्षं चालते. त्यातल्या अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, डायझेपाम या गोळ्यांविषयी आज बोलू.

समजा, औसा तालुक्यातली एक मावशी आहे. तिनं चार वर्षं रोज रात्री अल्प्राझोलम घेतली. मग डॉक्टरांनी आठ महिन्यांत थोडी थोडी कमी करत संक्रांतीला ती बंद केली. पहिले तीन-चार आठवडे जड गेले. पण होळी आली तरी पहाटे तीनला जाग, पायाला मुंग्या, कानात किर्रर्र आवाज, छातीत धडधड सुरूच. घरातले म्हणाले, "गोळी तर सुटली, आता काय झालं?"

आपल्या मेंदूत शांत करणारा एक ब्रेक असतो. गोळी रोज तो ब्रेक दाबून धरते, म्हणून मेंदू स्वतःचा ब्रेक सैल सोडतो. गोळी अंगातून काही दिवसांत निघून जाते, पण ब्रेक पुन्हा घट्ट व्हायला वेळ लागतो. बहुतेकींचा त्रास काही आठवड्यांत ओसरतो. थोड्या जणींचा मात्र महिनोनमहिने, कधी वर्षभराहूनही जास्त रेंगाळतो.

बरं होणंही सरळ रेषेत होत नाही, आणि बाई घाबरते ती इथंच. मावशीला अक्षयतृतीयेच्या सुमारास आठ दिवस छान झोप लागली. मग भाचीच्या लग्नाची दगदग झाली आणि सगळं परत आलं. तिला वाटलं, जुनंच दुखणं उलटलं. पण मुंग्या आणि कानातला आवाज गोळी घेण्याआधी तिला कधीच नव्हता. असा नवा त्रास, तोही लाटेसारखा येणारा-जाणारा, गोळी सुटल्याचा असू शकतो. तरी रक्त कमी आहे का, थायरॉईड आहे का, हे तपासून घ्यावं. तेही असाच त्रास देतात.

लाटेत शेजारणीची गोळी मागून घेतली, की मेंदूची घडी पुन्हा विस्कटते. मावशीनं कॅलेंडरवर बऱ्या दिवसाला टिकली लावली. वैशाखात महिन्याला सहा टिकल्या होत्या, पोळ्याच्या महिन्यात सतरा झाल्या. लाटा येत होत्या, पण दोन दिवसांत ओसरत होत्या. दिवाळीत फक्त कानातला आवाज उरला, तोही रात्री सामसूम झाल्यावर.

कुणी आज गोळी घेत असेल, तर हे ऐकून एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. डॉक्टरांना विचारूनच कमी करा. फिट आली, भ्रम झाला, छातीत दुखलं, तर लगेच सरकारी दवाखाना गाठा. जीव नकोसा वाटला, तर बाईला एकटी ठेवू नका. टेलिमानसचा 14416 हा नंबर फुकट आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं.