एका तासात उत्तर, पण कशाचं?

शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता पुण्यातल्या एका छोट्या कंपनीचं ऑर्डर घेणारं सॉफ्टवेअर बंद पडलं, असं समजा. सर्व्हर ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसवर आहे आणि मदतीसाठी डेव्हलपर हा सर्वांत स्वस्त सशुल्क प्लॅन घेतलेला आहे. 2025 पर्यंतच्या रचनेत या प्लॅनमध्ये ‘सिस्टीम बंद पडली’ हा तक्रारीचा पर्यायच नव्हता. ‘सिस्टीमवर परिणाम झाला’ एवढंच निवडता यायचं आणि त्यावर पहिलं उत्तर बारा कामकाजी तासांत, असं उद्दिष्ट असे. कामकाजी तास म्हणजे साधारण सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या वगळून. म्हणजे सोमवारचे दहा तास गेले, मंगळवारचे दोन. मंगळवारी सकाळी दहापर्यंत उत्तर आलं, तरी कंपनीने शब्द पाळला असंच म्हणावं लागे. संपर्कही फक्त लेखी.

त्यावरचा बिझनेस प्लॅन त्या रचनेत महिन्याला किमान 100 डॉलरचा होता. बिल वाढलं की पहिल्या 10,000 डॉलरपर्यंत त्याचे दहा टक्के. म्हणजे महिन्याचं बिल 3,000 डॉलर असेल, तर मदतीचे 300. त्यात फोन आणि चॅट चोवीस तास, सातही दिवस, आणि सिस्टीम पूर्ण बंद असेल तर तासाभरात उत्तर. पुण्याच्या या कंपनीला शुक्रवारी रात्री आठपर्यंत माणूस भेटला असता.

इथे बहुतेकांची गल्लत होते. तासाभरात मिळतं ते पहिलं उत्तर. बिघाड दुरुस्त होईल अशी हमी कुठल्याच प्लॅनमध्ये नाही. ‘कोणता सर्व्हर, कधीपासून, काय एरर येतोय?’ एवढं विचारलं, तरी उद्दिष्ट पूर्ण झालं. म्हणून तक्रारीतच लॉग, वेळ आणि सर्व्हरचा आयडी दिला, तर विचारपूस करण्यातला वेळ वाचतो. आणि तीव्रता आपणच निवडायची असते. संकोचाने ‘सामान्य चौकशी’ निवडली, तर फोनची सोय असूनही रांगेत मागे राहाल.

स्वतंत्र माणूस मिळतो तो मात्र फार वर. 2025 पर्यंतच्या रचनेत एंटरप्राइज प्लॅन महिन्याला किमान 15,000 डॉलरचा होता. उत्तर पंधरा मिनिटांत आणि सोबत तुमची यंत्रणा ओळखणारा नेमलेला टेक्निकल अकाउंट मॅनेजर. त्याखालच्या ऑन-रॅम्प प्लॅनमध्ये असे मॅनेजर सामाईक असत, म्हणजे दर वेळी तोच भेटेल असं नाही. रात्री फोन उचलणं हे त्याचं मुख्य काम नव्हे. दिवाळीच्या सेलआधी यंत्रणा किती भार पेलेल हे तपासणं आणि अडकलेली तक्रार आत योग्य टीमपर्यंत ढकलणं, यासाठी तो असतो. 3,000 डॉलर बिल असलेल्याने त्याच्या मागे लागू नये; त्याला बिझनेस पुरे.

कंपनीने हे प्लॅन आता बदलायला घेतले आहेत. नावं कोणतीही येवोत, कराराच्या तक्त्यात ‘तास’ या शब्दामागे ‘कामकाजी’ लिहिलंय का, ते आधी बघा.