सरासरीला तारीख नसते

म्युच्युअल फंडाच्या ॲपवर ‘सरासरी खरेदी किंमत’ नावाचा एक आकडा असतो. हप्त्याहप्त्याने गुंतवणूक करणाऱ्यांचा त्यावर फार विश्वास. आजची एनएव्ही त्याहून वर असेल तर फायदा, खाली असेल तर तोटा. सगळे युनिट जागेवर असतात तोवर हा हिशेब चोख चालतो. त्यातले थोडे विकले की मात्र घोळ सुरू होतो, कारण मग एकाच व्यवहाराचे दोन नफे निघतात आणि दोन्ही आपापल्या जागी खरे असतात.

समजा, सुनंदाताईंनी एका इक्विटी फंडात दर तिमाहीला 12,000 रुपयांची एसआयपी सुरू केली. 10 जानेवारी 2024 ला एनएव्ही 60 होती, त्यांना 200 युनिट मिळाले. एप्रिलमध्ये ती 48 वर आली, मिळाले 250. जुलैत 40 झाली, मिळाले 300. ऑक्टोबरमध्ये पुन्हा 48, पुन्हा 250. (प्रत्यक्षात 0.005 टक्के मुद्रांक शुल्क कापलं जातं, म्हणजे 12,000 मागे साठ पैसे, आणि युनिट तीन दशांश स्थळांपर्यंत मिळतात. इथे ते सोडून देऊ.) एकूण गुंतवले 48,000, युनिट 1,000. सरासरी किंमत 48 रुपये.

चार एनएव्हींची बेरीज करून चारने भागलं तर मात्र 49 येतात. ते उत्तर चूक. रक्कम तीच असली की स्वस्ताईत जास्त युनिट पदरात पडतात, आणि त्या जास्त युनिटांचं वजन सरासरीला खाली ओढतं. म्हणून भागायचं ते एकूण रकमेला एकूण युनिटांनी.

20 मार्च 2025 ला एनएव्ही 63 असताना ताईंनी 400 युनिट विकले. हातात आले 25,200. सरासरी पद्धतीने प्रत्येक युनिटमागे 15 रुपये सुटले, म्हणजे नफा 6,000. उरले 600 युनिट आणि त्यांची खरेदी किंमत 28,800. भागून पाहा, सरासरी 48 च राहते. विक्रीने सरासरी हलत नाही, ती हलते नव्या खरेदीने. पुढचा 12,000 चा हप्ता 60 च्या भावाने गेला तर 200 युनिट वाढतील, एकूण किंमत 40,800 होईल, युनिट 800, आणि नवी सरासरी 51.

घरच्या वहीत सर्वांत जास्त दिसणारी चूक इथेच होते. 48,000 घातले, 25,200 काढले, म्हणजे आता माझे 22,800 च अडकलेत, असं मनात धरून लोक ते 600 ने भागतात आणि 38 रुपये सरासरी लिहून ठेवतात. किती पैसे अजून परत यायचेत, हे कळायला तो आकडा ठीक आहे. पण ती खरेदी किंमत नव्हे. विक्रीत मिळालेल्या 25,200 पैकी मुद्दल होतं 19,200, बाकीचा नफा. मुद्दलातून वजा करायचे ते 19,200 च. 38 धरलं तर उरलेल्या युनिटांवर 15,000 चा नफा दिसतो, आणि आधीचे 6,000 वहीत जमा आहेतच. बेरीज 21,000. खरा एकूण फायदा मात्र 15,000 चाच आहे: सहा हजार हाती आलेला, नऊ हजार अजून कागदावर.

आता आयकर. भारतात म्युच्युअल फंडाच्या युनिटांना सरासरी लागू होत नाही. आधी घेतलेले युनिट आधी विकले, असं धरतात. ताईंच्या 400 मध्ये जानेवारीचे सगळे 200 गेले, 60 रुपयांचे, आणि एप्रिलचे 200 गेले, 48 चे. त्यांची किंमत 21,600. म्हणजे करासाठी नफा 6,000 नव्हे, 3,600.

मग 2,400 कुठे गेले? कुठेच नाहीत, ते पुढे ढकलले गेले. करखात्याच्या नजरेने उरलेल्या 600 युनिटांची किंमत 26,400 आहे, म्हणजे सरासरी 44. उद्या तेही 63 ला विकले तर सरासरीने 9,000 आणि या पद्धतीने 11,400 नफा निघेल. शेवटी दोन्ही रस्ते 15,000 लाच पोचतात. पहिले हप्ते स्वस्तात पडले असते तर उलट झालं असतं: करपात्र नफा आधी जास्त, नंतर कमी. वर्षानुवर्षं चढत गेलेल्या बाजारात एसआयपी करणाऱ्यांना बहुधा हाच अनुभव येतो. ॲपवर थोडा नफा, कराच्या कागदावर जास्त, आणि मग ‘हा आकडा आला कुठून?’ अशी विचारणा.

सरासरी कराला चालत नाही याचं मोठं कारण तारखेत आहे. एकाच हंड्यात ओतलेल्या पाण्यातलं कोणतं पाणी सकाळचं हे जसं सांगता येत नाही, तसं सरासरीतून युनिटचं वय कळत नाही. आणि कर तर वयावर ठरतो. इक्विटी फंडाचे युनिट बारा महिन्यांहून जास्त ठेवले तर नफा दीर्घकालीन. 23 जुलै 2024 पासूनच्या विक्रीवर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा असा नफा करमुक्त आणि त्यावर 12.5 टक्के. बारा महिन्यांच्या आत विकले तर पहिल्या रुपयापासून 20 टक्के.

ताईंचे जानेवारीचे युनिट या कसोटीला उतरले. त्यांच्यावरचा नफा जेमतेम 600, करमुक्त मर्यादेतला. एप्रिलचे 200 मात्र अकरा महिन्यांचेच. पुष्कळ योजनांप्रमाणे या योजनेलाही वर्षाच्या आत विकल्यास 1 टक्का एक्झिट लोड असेल, तर 12,600 वर 126 रुपये कापले जातील. उरलेल्या 2,874 च्या नफ्यावर 20 टक्क्यांनी सुमारे 575 रुपये कर, वर उपकर. म्हणजे जवळजवळ 700 रुपये. 10 एप्रिल उलटल्यावर हेच युनिट विकले असते तर यातलं काहीच द्यावं लागलं नसतं. अर्थात तीन आठवड्यांत एनएव्ही साडेतीन रुपयांनी घसरली तर ही बचत तिथेच संपली. एक्झिट लोड वाचवायला बाजाराची जोखीम घ्यायची की नाही, हे पैशांची निकड पाहून ठरवावं. माझ्या मते औषधपाण्याच्या खर्चासाठी थांबू नये.

सरासरीला मान आहे तो दुसरीकडे. कंपन्यांच्या हिशेबवह्यांत, लेखामानक 13 प्रमाणे, गुंतवणुकीचा काही भाग विकला की किंमत सरासरीनेच काढतात. कॅनडात तर करासाठीही सरासरीच धरतात, तेव्हा टोरांटोतल्या भाच्याचा सल्ला पुण्यात जसाच्या तसा वापरू नये.

विवरणपत्र भरताना ॲपवरची सरासरी बाजूला ठेवून कॅम्स किंवा केफिनटेककडून भांडवली नफ्याचं विवरण मागवावं. त्यात प्रत्येक विकलेल्या युनिटासमोर खरेदीची तारीख आणि भाव असतो. आणि ‘आधीचे आधी’ हा हिशेब त्या त्या फोलिओपुरता होतो, हे ध्यानात असू द्यावं. एकाच योजनेचे दोन फोलिओ असतील तर विक्रीचा अर्ज कोणत्या फोलिओवर टाकायचा, म्हणजे कोणत्या भावाचे आणि किती जुने युनिट बाहेर काढायचे, हे निवडणं तेवढं आपल्या हातात असतं.